निफ्टी वर, कॉल लाल: दिशा बरोबर येऊनही पैसे का जातात ते कुठून तपासायचं

आधी लक्षणं सांगतो. ह्यातली निदान दोन तुमच्याकडे जुळत असतील तरच पुढे वाचा, नाहीतर तुमचा आजार वेगळा आहे.

कॉल घेतलात, निफ्टी खरंच वर गेला, आणि प्रीमियम तिथल्या तिथे किंवा चक्क खाली. मोठी घोषणा होती, बाजार तुमच्या बाजूने उघडला, आणि पहिल्या पाच-दहा मिनिटांतच प्रीमियममधली हवा निघून गेली. शुक्रवारी पोझिशन ठेवून घरी गेलात, सोमवारी निफ्टी जवळपास होता तिथेच, पण प्रीमियम कमी. आणि सगळ्यात पक्कं लक्षण, ज्याच्याकडे कुणीच बघत नाही: तुमच्या स्ट्राइकचा कॉल आणि त्याच स्ट्राइकचा पुट, दोन्ही एकाच वेळी पडलेत.

हे शेवटचं एकदा नक्की बघा, फुकट आहे, ऑप्शन चेन उघडली की दिसतं. दिशा चुकली असती तर एक पडून दुसरा चढला असता. दोन्ही पडलेत म्हणजे दिशेचा संबंध नाही, दोघांच्याही किमतीत जो एक सारखाच भाग असतो तो आटलाय. तो भाग म्हणजे वेळ आणि आयव्ही, ज्याला पूर्ण नावाने इम्प्लाइड व्होलाटिलिटी म्हणतात. पुढची सगळी पोस्ट त्याच्यावरच आहे.

मी ठाण्यात एका सब-ब्रोकरच्या ऑफिसात बरीच वर्षं डीलर म्हणून बसलोय. हीच तक्रार घेऊन माणसं यायची, फोन माझ्या नाकासमोर धरायची, आणि निदानही स्वतःच घेऊन यायची. अॅप हँग झालं, ऑपरेटरने खेळ केला, ब्रोकर मुद्दाम रेट खाली दाखवतो वगैरे. अॅप हँग होतात हे खरंय, पण शंभरातल्या बहुतेक वेळा स्क्रीन बरोबर होती आणि हिशोब आपला राहिला होता. सेबीचाच अभ्यास आहे सप्टेंबर २०२४ चा, २०२१-२२ ते २०२३-२४ ह्या तीन आर्थिक वर्षांत एफ अँड ओ करणाऱ्या वैयक्तिक ट्रेडरांपैकी ९३ टक्के लोक तोट्यात होते. ते सगळे काही दिशा चुकल्यामुळे गेले नसणार, एवढं माझ्या टेबलावरून मला दिसत होतं.

आता एक केस घेऊ आणि तीच शेवटपर्यंत वापरू.

कळव्याचा एक मुलगा, ऐरोलीला आयटी पार्कात कामाला. शुक्रवारी संध्याकाळी ठाणे स्टेशनबाहेर चहाच्या टपरीवर गाठला मला. "दादा, निफ्टी दीडशे पॉइंट वर आहे, कॉलच घेतला होता, आणि हे बघ." फोनवर लाल अक्षरात उणे ४,५७५. मी विचारलं कधी घेतलास, तर म्हणाला बुधवारी बाजार बंद होताना, कारण गुरुवारी बजेटसारखी मोठी घोषणा होती आणि ह्याला खात्री होती की बाजार वर जाणार. आणि गेला की वर! त्याचं चुकलं कुठे?

आकडे सोयीसाठी गोल केलेत आणि व्याज वगैरे बाजूला ठेवलंय, पण हिशोब खरा आहे. बुधवारी निफ्टी २५,०००. त्याने घेतला २५,२०० चा कॉल, पुढच्या मंगळवारच्या एक्सपायरीचा, म्हणजे ६ दिवस हातात. आयव्ही २० टक्के. प्रीमियम १६९ रुपये, तेव्हाचा लॉट ७५ चा, म्हणजे एकूण १२,६७५ रुपये दिले. शुक्रवारी बंद होताना निफ्टी २५,१५०, ४ दिवस उरलेले, आयव्ही उतरून साडेबारा टक्के. प्रीमियम १०८. एका युनिटमागे ६१ गेले, ७५ ने गुणा, ४,५७५. अॅपने एक रुपयाची लबाडी केलेली नाही.

पहिली तपासणी: एक वजाबाकी

सगळ्यात सोपी, पाचवीतल्या पोराला पण येईल. प्रीमियममध्ये दोन भाग असतात. एक, आत्ता ह्या क्षणी एक्सपायरी झाली तर हातात किती पडेल तो, ह्याला इंट्रिन्सिक म्हणतात. बाकी सगळं टाइम व्हॅल्यू. कॉलसाठी निफ्टीतून स्ट्राइक वजा करा, उत्तर शून्याखाली आलं तर शून्य धरा.

आपल्या केसमध्ये बुधवारी २५,००० वजा २५,२००, म्हणजे शून्य. शुक्रवारी २५,१५० वजा २५,२००, परत शून्य. म्हणजे त्या १६९ रुपयांतला एकेक रुपया टाइम व्हॅल्यू होता, आणि दीडशे पॉइंट वर जाऊनही त्यातला एक रुपयासुद्धा पक्का झाला नाही, कारण निफ्टी अजून स्ट्राइकच्या खालीच होता. लोकांना वाटतं आपण निफ्टी घेतलाय. त्याने घेतली होती फक्त शक्यता, तीही मंगळवारपर्यंतची.

ही तपासणी पहिली का, तर पुढे किती घाबरायचं ते इथेच कळतं. तुमच्या प्रीमियममध्ये निम्म्याहून जास्त इंट्रिन्सिक असेल तर वेळ आणि आयव्ही तुम्हाला ओरबाडतील, पण मारणार नाहीत. शंभर टक्के टाइम व्हॅल्यू असेल तर संपूर्ण रक्कम वितळणाऱ्या बाजूला आहे असं समजून चाला. मी ऑफिसात बघायचो, स्वस्त म्हणून लांबचा स्ट्राइक घेणारेच ह्यात सगळ्यात जास्त सापडायचे. पंधरा रुपयांचा कॉल स्वस्त नसतो हो, त्याच्यात काही नसतं म्हणून तो पंधराला असतो.

दुसरी तपासणी: दिवस मोजा, आणि वर्गमूळ लक्षात ठेवा

एक्सपायरीची तारीख बघा आणि आजपासून सुट्टी धरून दिवस मोजा. हसू नका, मी किती तरी जण बघितलेत ज्यांना वाटत होतं आपली एक्सपायरी महिनाअखेरची आहे आणि घेतला होता विकलीचा, म्हणजे त्याच आठवड्यात संपणारा. निफ्टीची विकली सप्टेंबर २०२५ पासून मंगळवारी असते, आधी गुरुवारी होती, त्यामुळे जुन्या सवयीने घोळ होतो.

आता थीटा. थीटा म्हणजे बाकी काहीच हललं नाही तर एका दिवसात प्रीमियममधून किती जाईल तो आकडा. लोक समजतात तो भाड्यासारखा रोज सारखा कापला जातो, आणि चूक इथेच होते. निफ्टीच्या जवळच्या स्ट्राइकची टाइम व्हॅल्यू ही उरलेल्या दिवसांच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते. म्हणजे १ दिवस उरलेला असताना ती ६५ रुपये असेल, तर तेवढ्याच आयव्हीला ४ दिवस उरलेले असताना १३० आणि ९ दिवस असताना १९५. आता उलटं वाचा. ९ दिवसांवरून ४ वर यायला ५ दिवस लागले, गेले ६५, रोजचे १३. ४ वरून १ वर यायला ३ दिवस, गेले ६५, रोजचे २१-२२. आणि शेवटच्या एका दिवसात उरलेले सगळे ६५.

म्हणून विकलीत बुधवारी घेतलेला आणि सोमवारी घेतलेला कॉल ह्या दोन वेगवेगळ्या वस्तू आहेत. आपल्या केसमध्ये घेतला त्या दिवशी थीटा साधारण रोजचे २० रुपये होता, म्हणजे लॉटमागे दीड हजार रुपये, निफ्टी जागचा हलला नाही तरी. ते पोरगं दिवसभर कोडिंग करत होतं आणि खिशातून तासाला पैसे गळत होते.

शनिवार-रविवारचं एक वेगळं आहे. हिशोबात ते दोन दिवस धरलेले असतात, पण विकणारे वेडे नसतात, ते बरेचदा शुक्रवारी दुपारपासूनच रेट उतरवायला लागतात. त्यामुळे "शुक्रवारी विकून सोमवारी परत घेऊ" असा शहाणपणा केलात तरी फार काही वाचत नाही. पण मंगळवारची एक्सपायरी आणि शुक्रवारी संध्याकाळी हातात नुसती टाइम व्हॅल्यू, हे मला स्वतःला सहन होत नाही, मी असतो तर निघालो असतो. ज्याची त्याची मर्जी.

तिसरी तपासणी: आयव्ही किती होती आणि किती झाली

केसमधला खरा चोर हा आहे, म्हणून इथे जरा थांबू.

आयव्ही म्हणजे काय? ऑप्शनची किंमत ठरवायला निफ्टी, स्ट्राइक, दिवस, व्याजदर हे सगळं माहीत असतं. एकच गोष्ट माहीत नसते, पुढे बाजार किती हलणार. मग बाजारातल्या प्रीमियमवरूनच उलटा हिशोब करतात, की एवढा भाव लोक देतायत म्हणजे त्यांच्या मते हालचाल किती धरलीय. तो वर्षाचा टक्का म्हणजे आयव्ही. रोजचा अंदाज हवा तर १६ ने भागा, कारण वर्षात ट्रेडिंगचे अडीचशेच्या आसपास दिवस आणि त्याचं वर्गमूळ साधारण १६. आयव्ही २० म्हणजे रोज सव्वा टक्का, २५,००० वर तीनशेच्या वर पॉइंट. साडेबारा म्हणजे पाऊण टक्क्याच्या आसपास, दोनशेच्या आत.

आता बुधवारचं चित्र बघा. गुरुवारी मोठी घोषणा आहे हे त्या मुलाला माहीत, मला माहीत, टपरीवाल्याला पण माहीत. सगळ्यांनाच हालचाल हवी असते म्हणून कॉल पण महागतो आणि पुट पण. गणपतीच्या आदल्या दिवशी जांभळी नाक्यावर फुलं घेतल्यासारखं आहे, फुलं तीच, भाव सणाचा. आणि सण झाला की दुसऱ्या दिवशी त्याच फुलांना कोण विचारतो? घोषणा झाली की काय होणार हा प्रश्नच संपतो, आयव्ही पडते, आणि ती पडायला निफ्टी खाली यावा लागत नाही.

वरून आणखी एक गंमत, कॉलवाल्यांसाठी वाईट. निफ्टी चढतो तेव्हा आयव्ही बहुतेक वेळा उतरते, आणि निफ्टी कोसळतो तेव्हा उसळते, कारण घाबरलेली माणसं पुट घेऊन आपला पोर्टफोलिओ झाकतात. ४ जून २०२४ आठवतो ना, लोकसभेच्या निकालाचा दिवस, निफ्टी जवळपास ६ टक्के पडला आणि इंडिया विक्स दिवसात ३० च्या वर जाऊन २७ च्या आसपास बंद झाला. दुसऱ्या दिवशी निफ्टी सव्वातीन टक्क्यांहून जास्त वर आला आणि विक्स एकाच दिवसात १९ च्या खाली. म्हणजे ४ तारखेला घाबरत कॉल घेतलेल्या माणसाची दिशा शंभर टक्के बरोबर होती, पण त्याने भीतीचा भाव देऊन घेतला होता आणि भीती रात्रीतून उतरली. जवळचा स्ट्राइक घेणारा एवढ्या मोठ्या उडीत तरला असेल, लांबचा घेणाऱ्याचा जीव टांगणीला लागला असेल.

तपासायचं कसं: ऑप्शन चेनमध्ये आयव्हीचा रकाना असतो, काही अॅपमध्ये लपलेला असतो, सेटिंगमधून चालू करावा लागतो. घेताना तो आकडा लिहून ठेवा. नुसत्या इंडिया विक्सवर जाऊ नका, तो पुढच्या ३० दिवसांचा अंदाज सांगतो आणि तुमचा विकलीचा स्ट्राइक घोषणेच्या आठवड्यात त्याच्यापेक्षा बराच वर असू शकतो. तुमच्या एक्सपायरीची आयव्ही पुढच्या महिन्याच्या एक्सपायरीपेक्षा ठळक जास्त दिसत असेल तर समजा, सणाचा भाव चालू आहे.

चौथी तपासणी: बाजाराने आधीच किती हालचाल विकलीय

ही मी स्वतः घेण्याआधी न चुकता करतो, मिनिटभराचं काम आहे. निफ्टीच्या अगदी जवळचा स्ट्राइक घ्या, त्याचा कॉल आणि पुट दोन्हीच्या किमतींची बेरीज करा. ही बेरीज म्हणजे एक्सपायरीपर्यंत बाजाराला साधारण किती पॉइंटची हालचाल अपेक्षित आहे तो आकडा, वर की खाली ते सांगत नाही.

बुधवारी २५,००० चा कॉल साधारण २५६ आणि पुट पण २५६. बेरीज ५१२. मी त्या मुलाला विचारलं, तुझं टार्गेट किती होतं? म्हणाला, "दोनशे-अडीचशे वर जाईल असं वाटलं होतं." आता बघा, बाजार पाचशेचा भाव लावून बसला होता आणि हा अडीचशेच्या अपेक्षेने त्याच भावात घ्यायला गेला. ह्याची दिशा बरोबर होती, पण ह्याचा स्वतःचा अंदाज बाजाराच्या अंदाजापेक्षा लहान होता, आणि असा माणूस खरं तर विकत घेणारा नसायलाच हवा. शुक्रवारी तीच बेरीज जवळच्या स्ट्राइकला २६३ वर आली होती. निम्मी.

तुमचं टार्गेट ह्या बेरजेपेक्षा लहान असेल तर नुसता कॉल किंवा पुट घेऊ नका. माझ्या मते तरी इथेच निम्म्या लोकांचे पैसे वाचतात, आणि ब्रोकरेज पण.

पाचवी तपासणी: तोट्याचे तुकडे करा

इथून पुढे थोडी मेहनत आहे. ऑप्शन कॅल्क्युलेटर लागेल, बहुतेक ब्रोकरांच्या अॅपमध्ये असतो. युक्ती एकच, एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि नवी किंमत लिहायची.

केसचं करून दाखवतो. सुरुवात १६९. आधी फक्त निफ्टी २५,१५० करा, दिवस ६ च आणि आयव्ही २० च ठेवा: किंमत येते २३३. म्हणजे दिशेने ६४ रुपये कमावून दिले, त्याचा अंदाज फुकट गेलेला नाही. आता दिवस ६ चे ४ करा: १८६. वेळेने ४७ खाल्ले. आता आयव्ही २० ची साडेबारा करा: १०८. आयव्हीने ७८ खाल्ले. दिशेचे अधिक ६४, वेळेचे उणे ४७, आयव्हीचे उणे ७८, बेरीज उणे ६१. क्रम बदललात तर तुकडे थोडे इकडे-तिकडे होतील, एकूण तेच राहील.

टपरीवर मी हे त्याच्याच फोनवर करून दाखवलं तेव्हा तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "म्हणजे वेळ गेला नसता तरी तोटाच होता?" बरोबर पकडलं त्याने. दिवस ६ च ठेवून आयव्ही साडेबारा केली तर किंमत येते १३७, म्हणजे एकट्या आयव्हीने सगळी कमाई खाऊन वर ३२ घेतले असते. उलट आयव्ही २० ला टिकली असती तर वेळ जाऊनही तो १७ रुपये फायद्यात होता. म्हणून तुकडे करायचे. नाहीतर माणूस पुढच्या वेळी लांबची एक्सपायरी घेतो, थीटा वाचवतो, आणि परत घोषणेच्या आदल्या दिवशीच घेतो.

ह्याच कॅल्क्युलेटरवर आणखी एक प्रश्न विचारायचा, तोही घेण्याआधी: घोषणेनंतर आयव्ही नेहमीच्या पातळीला आली तर मला मुद्दल सुटायला निफ्टी कुठे लागेल? केसमध्ये शुक्रवारी ते उत्तर होतं साधारण २५,२७०. म्हणजे २७० पॉइंट वर गेल्यावर हा शून्यावर येणार होता. त्याचं टार्गेट अडीचशे. हे बुधवारी कळलं असतं तर तो ट्रेडच झाला नसता.

सहावी: रचना बदलणं

ही तपासणी नाही, दुरुस्ती आहे, आणि सगळ्यात अवघड म्हणून शेवटी. दिशेवर विश्वास पक्का आहे आणि घोषणेआधीच घ्यायचंय, तर दोन रस्ते.

एक, आतला स्ट्राइक घ्या, म्हणजे आयटीएम. त्याच दिवशी त्याच आयव्हीला २४,८०० चा कॉल ३६७ ला होता, त्यातले २०० इंट्रिन्सिक. शुक्रवारी तो ३७४. कमाई ७ रुपये, हसण्यासारखी, पण ६१ च्या तोट्याच्या शेजारी ठेवून बघा. अडचण ही की लॉटला साडेसत्तावीस हजार लागतात, आणि दिशा चुकली तर तोटाही त्याच मापाचा.

दोन, स्प्रेड. २५,२०० चा कॉल १६९ ला घ्या आणि २५,५०० चा ८२ ला विका. खिशातून गेले ८७. शुक्रवारी घेतलेला १०८ आणि विकलेला २५, फरक ८३. तोटा ४ रुपये, लॉटमागे ३००. कारण सणाचा भाव तुम्ही दिलातही आणि वरच्या स्ट्राइकला घेतलातही, आयव्ही पडली तेव्हा एकीकडे गेलं ते दुसरीकडून बरंचसं परत आलं. किंमत ही की फायद्याला छत बसतं, निफ्टी कुठेही गेला तरी जास्तीत जास्त २१३. ज्याचं टार्गेटच अडीचशे पॉइंटचं आहे त्याला छताचा त्रास काय?

स्प्रेडमध्ये नवखे हमखास एक चूक करतात. घेताना आधी खरेदी मग विक्री, आणि निघताना उलट, आधी विकलेला परत घ्यायचा मग आपला विकायचा. उलटं केलंत तर मध्ये काही क्षण नुसता विकलेला कॉल उघडा राहतो, मार्जिन एकदम लाखाच्या वर मागतात आणि ऑर्डर रिजेक्ट तरी होते किंवा पेनल्टी तरी बसते. आणि लांबच्या स्ट्राइकला खरेदी-विक्रीच्या भावात मोठी दरी असते, तिथे मार्केट ऑर्डर टाकू नका, लिमिट टाका.

तिसरा रस्ता पण आहे, कुणाला आवडत नाही: घोषणा होऊ द्या, आयव्ही पडू द्या, मग घ्या. पहिली उडी चुकते, हे मान्य. पण शुक्रवारी तोच २५,२०० चा कॉल १०८ ला मिळत होता आणि निफ्टी स्ट्राइकपासून फक्त ५० पॉइंट लांब होता.

इथे थांबा, दुसऱ्याला बोलवा

शेअरचे ऑप्शन असतील आणि एक्सपायरीच्या आठवड्यात तुमचा स्ट्राइक आत गेला असेल, तर स्वतः डोकं लावू नका, ब्रोकरच्या डीलिंग डेस्कला फोन करा. निफ्टीचा हिशोब रोखीत होतो, शेअरच्या ऑप्शनमध्ये प्रत्यक्ष शेअरची डिलिव्हरी होते. पाच हजाराचा कॉल धरून बसलेल्या माणसाला अख्ख्या लॉटच्या शेअरचे लाखो रुपये उभे करायला लागू शकतात.

वरच्या पाच तपासण्या लिहून काढूनही दोन-तीन महिने तोटाच होत असेल तर ट्रेड बंद करा आणि फी घेऊन सल्ला देणाऱ्या, सेबीकडे नोंदलेल्या इन्व्हेस्टमेंट अॅडव्हायझरकडे जा. नोंदणी क्रमांक INA ने सुरू होतो, तो सेबीच्या वेबसाइटवर टाकून बघा, माणसाने दाखवलेल्या सर्टिफिकेटच्या फोटोवर जाऊ नका. टेलिग्रामवर कॉल देणारा हा अॅडव्हायझर नव्हे.

टॅक्सचं सीएला विचारा. एफ अँड ओ हे धंद्याचं उत्पन्न धरतात, पगारदार माणसाला आयटीआर-३ भरावा लागतो, आणि वेळेत भरला तर तोटा पुढच्या ८ वर्षांपर्यंत ओढता येतो. बरेच जण तोटा झालाय म्हणून दाखवतच नाहीत, मग नोटीस येते.

आणि पर्सनल लोन काढून, सोनं ठेवून किंवा बायकोला न सांगता पैसे लावले असतील, तर आयव्ही-थीटा काही बघू नका, आजच पोझिशन कापा आणि घरात सांगा. झोप उडाली असेल तर सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, मराठीत बोलता येतं. त्या कळव्याच्या मुलाने लोन काढलेलं नव्हतं, एवढं मी टपरीवर आधी विचारून घेतलं होतं. चहाचे पैसे त्याने दिले आणि मंगळवारची वाट न बघता सोमवारी सकाळी तो कॉल ९६ ला विकून टाकला.